मायना नसलेले पत्र

पत्रातला सर्वांत सोपा भाग कोणता, असे कुणी विचारले तर आपण चटकन 'मायना' असे सांगू. मजकूर सुचो न सुचो, मायना कधी अडत नाही. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, मित्राला प्रिय आणि परक्याला सप्रेम नमस्कार एवढे भांडवल असले की लेखणी आपोआप चालू लागते. आमच्या आजोबांच्या पिढीत तर मायन्यावरूनच घराची सारी हकीकत कळत असे. बाईच्या नावामागे सौ. आहे की गं. भा., यावरून त्या घरावर काय प्रसंग आला तेही समजायचे. मराठी पत्राला असे दारातच आपले नाते सांगावे लागते. ते सांगितल्याशिवाय त्याला आत प्रवेश नाही.

मी गेली वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवतो, आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाला गावाकडे जी काही कामे सांगितली जातात त्यांत पत्र लिहून देणे हे पहिले. लग्नपत्रिका, अर्ज, मानपत्र, शोकसभेचा ठराव, यांतले काहीही मला वर्ज्य नाही. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या केंदूरच्या अण्णांनी जे पत्र माझ्यापुढे टाकले, त्याचा मायना काही केल्या मला सुचेना.

केंदूर हे शिरूर तालुक्यातले, शिक्रापुराहून पाबळकडे जाताना लागणारे गाव. कान्होराज पाठकांचे केंदूर म्हणून वारकऱ्यांना ते ठाऊक आहे. बाकीच्यांना ठाऊक असेल तर पाण्याच्या ओरडीमुळे. वेळ नदी नावाला गावाजवळून जाते, पण उन्हाळ्यात तिच्या पात्रात पाण्यापेक्षा गुरेच अधिक दिसतात. अशा गावच्या अण्णांच्या दोन्ही किडन्या बावन्नाव्या वर्षी निकामी झाल्या, आणि डॉक्टरांनी पहिले बंधन घातले ते पाण्याचे. किडनी काम करीत नसली म्हणजे प्यालेले पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही. ते अंगात साचते, पायांवर सूज येते, मग छातीत भरते आणि आडवे पडले की दम लागतो. म्हणून दिवसाला साधारण एक लिटर. त्यातच चहा, त्यातच आमटी, आणि त्यातच गोळी गिळण्याचा घोट. आठवड्यातून तीन दिवस ते पुण्याला जात. चार चार तास यंत्राला जोडून घेत. यंत्राला जोडण्याआधी त्यांचे वजन होई आणि मागच्या खेपेपेक्षा ते किती वाढले यावरून नर्सबाई त्यांची चोरी पकडत. "अण्णा, परवा पाणी जास्त झालं," असे त्या म्हणाल्या की अण्णा शाळकरी पोरासारखे खाली पाहत. जन्मभर पाणी नाही म्हणून तहानलेल्या माणसाने आता पाणी समोर असताना तहानलेले राहायचे, अशी ही तऱ्हा होती.

घरातल्या कुणाची किडनी जुळेना, तेव्हा अण्णांचे नाव पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत गेले. ही यादी रक्तगटाप्रमाणे लावलेली असते, आणि तिच्यात पुढे सरकणे पैशावर किंवा ओळखीवर नसते. तीन वर्षे गेली. मग एका रात्री फोन आला. दवाखान्यात गेल्यावरही लगेच शस्त्रक्रिया होत नाही. देणाऱ्याच्या पेशी आणि घेणाऱ्याच्या रक्तातला द्रव एकत्र करून पाहतात. घेणाऱ्याचे रक्त त्या पेशींवर तुटून पडले तर बोलावलेला माणूस परत घरी जातो. अण्णा पूर्वी एकदा असे परतले होते. या खेपेस जुळले. नवी किडनी पाठीकडे बसवतात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती पुढच्या बाजूला, ओटीपोटात उजवीकडे किंवा डावीकडे ठेवून तिथल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात, आणि जुन्या किडन्या बहुधा जागीच राहतात. अण्णांची नवी किडनी पहिले पाच दिवस मुकाटच होती. मृत माणसाकडून आलेल्या किडनीचे असे पुष्कळदा होते, त्यामुळे त्यांना पुन्हा दोनदा यंत्रावर घ्यावे लागले. सहाव्या दिवशी लघवी सुरू झाली. सातव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता पाणी प्या. जितकं बाहेर जाईल तितकं प्या." अण्णांनी तांब्या मागितला. तो तोंडाला लावताना ते रडले, असे काकूंनी मला सांगितले.

घरी आल्यावर मात्र काकूंचे जेवणावरून लक्ष उडाले. मी सुटीत गेलो तेव्हा त्या मला चुलीपाशी बसवून म्हणाल्या, "भाऊ, तुला म्हणून सांगते. मी महाराजांना नवस बोलले होते, की ह्यांना किडनी मिळू दे. म्हंजे मी काय मागितलं रे? कुणाचं तरी मरणच मागितलं ना?"

ज्यांच्या घरी असे जीवदान येते त्यांच्या मनात हा काटा असतोच, आणि पुष्कळांची आभाराची पत्रे याच काट्याने अडून राहतात. काकूंना मी जे सांगितले ते वैद्यकातले होते, पण त्यांना देवळातल्यापेक्षा त्याचाच उपयोग अधिक झाला. गोष्टींचा क्रम काय असतो तेवढेच मी सांगितले. अपघात होतो, किंवा मेंदूत रक्तस्राव होतो, आणि माणूस अतिदक्षता विभागात यंत्राने श्वास घेत असतो. डॉक्टर आधी त्याला वाचवायचेच पाहतात. मेंदूचा देठ मेला अशी शंका आली म्हणजे कायद्याप्रमाणे चार डॉक्टर तपासतात, आणि रोपण करणारा डॉक्टर त्या चौघांत असू शकत नाही. डोळ्यांवर उजेड टाकतात, बुबुळाला कापसाचे टोक लावतात, कानात बर्फाचे पाणी सोडतात. शेवटी प्राणवायू चालू ठेवून श्वासाचे यंत्र थोडा वेळ काढतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. मेंदूच्या देठात यत्किंचितही जीव असेल तर त्याने शरीर श्वासासाठी धडपडावे, पण छाती हलत नाही. हे सारे किमान सहा तासांच्या अंतराने पुन्हा करतात. दुसऱ्या खेपेसही तेच दिसले तर तो मृत्यू. त्यानंतर नातेवाइकांनी संमतीपत्रावर सही केली म्हणजे मगच समन्वय केंद्र यादी उघडते. यादीतल्या नावांनी कुणाचे मरण ओढवत नाही. ते आधीच येऊन गेलेले असते. "तुम्ही मरण मागितलं नाहीत, काकू," मी म्हटले, "त्या घरच्यांनी सही करावी एवढंच तुम्ही मागितलंत." काकू बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पण छाती तर हलत असणार रे यंत्रानं. अंग कोमट असणार. तसल्या वेळी त्या बाईनं सही कशी केली असंल?"

तो प्रश्न घेऊनच आम्ही पत्राला बसलो.

दवाखान्यातल्या समन्वयक बाईंनी रीत सांगितली होती. नाव लिहायचे नाही, गाव लिहायचे नाही, दवाखाना आणि तारीख लिहायची नाही. पाकीट चिकटवायचे नाही. त्या आधी वाचणार. मग त्या घराला विचारणार, पत्र हवे आहे का. नको म्हटले तर ते फाइलीत राहील, आणि पुढे कधी हवेसे वाटले तर मिळेल. दिवाळीच्या सुमारास, किंवा वर्षश्राद्धाच्या आसपास ते पोचू नये हे त्या पाहतील. हे शेवटचे मला फार पटले. ज्या घरात माणूस गेले त्या घरात त्या वर्षी कढई चढत नाही. शेजारीपाजारी फराळाचे ताट आणून देतात. त्या ताटाबरोबर असले पत्र जाणे बरे नव्हे.

काकूंच्या मनात पत्राऐवजी आपणच जावे, साडी-नारळ घेऊन त्या माउलीची ओटी भरावी, असे होते. बाईंनी त्यांना नाही म्हटले तेव्हा काकूंना राग आला. पण नाही म्हणण्याला कारणे आहेत. १९९४च्या कायद्याने अवयवाचा व्यवहार गुन्हा ठरवला. आज साडी गेली तर उद्या कुणी शेताचा तुकडा मागेल, किंवा कुणी न मागता देऊ करील, आणि दान कुठे संपले व मोल कुठे सुरू झाले हे कुणालाच सांगता येणार नाही. दुसरे कारण अधिक नाजूक आहे. बसवलेली किडनी काही वर्षांनी थकू शकते. शरीर तिला कधीही परकी मानू लागते. ओळख झालेल्या घराला मग आपले माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखे होईल.

आता याच्या उलटही सांगणारे आहेत. १९९४ साली इटलीत प्रवास करताना निकोलस ग्रीन या सात वर्षांच्या अमेरिकन मुलाला दरोडेखोरांची गोळी लागली. आईबापांनी त्याचे अवयव दिले आणि सात इटालियन माणसांना त्यांचा उपयोग झाला. पुढे त्या आईबापांनी त्या माणसांना भेटून पाहिले. त्यांतली एक एकोणीस वर्षांची मुलगी यकृत मिळाले नसते तर दगावलीच असती. तिचे पुढे लग्न झाले, मुलगा झाला, आणि तिने त्याचे नाव निकोलस ठेवले. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. नंतर इटलीत कायद्याने अशा ओळखी सांगायला बंदी झाली, तेव्हा निकोलसच्याच वडिलांनी तिच्याविरुद्ध आवाज उठवला. दोन्ही घरांची इच्छा असेल तर भेटू द्या, असे त्यांचे म्हणणे. ते मला खोटे वाटत नाही. पण त्यांच्या म्हणण्यातही 'दोन्ही घरांची इच्छा' हेच शब्द महत्त्वाचे आहेत.

शिवाय गुप्तता राखणे आपल्याकडे सोपे नाही. ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातून एक हृदय मुलुंडला नेऊन बसवले. मुंबईत सत्तेचाळीस वर्षांनी झालेले ते हृदयरोपण. तेव्हा वर्तमानपत्रांनी मिनिटामिनिटांचा हिशेब छापला, आणि तेव्हापासून अशा बातम्यांची एक पद्धतच पडून गेली आहे. वय, गाव, अपघाताची जागा, कोणता अवयव कोणत्या रुग्णालयात गेला, सारे त्यात असते. अण्णांच्या थोरल्याने तसले एक कात्रण जपून ठेवले होते. तारीख जुळत होती. आम्ही पत्राला बसलो असता त्याने ते पुढे केले आणि म्हणाला, "अण्णा, शेजारच्याच तालुक्यातलं आहे." अण्णांनी चष्मा लावला, कागद हातात घेतला, आणि न वाचता चौघडी घालून परत दिला. "त्यांनी आपल्याला हुडकलं नाही," ते म्हणाले, "मंग आपण का हुडकायचं?"

म्हणजे आम्हांला त्या घराचे काहीच ठाऊक नव्हते, आणि तिथेच माझे मराठी अडले. गेलेला तो मुलगा, की ती मुलगी? पत्र वाचणार कोण, आई, बाप की नवरा? सौ. लिहावे तर वाचणारी कदाचित त्याच अपघाताने गं. भा. झालेली. तीर्थरूप लिहावे तर कदाचित वाचणारा विशीतला मुलगा. तीर्थस्वरूप, श्रीयुत, सप्रेम, एकेक मायना मी लिहिला आणि खोडला. आणि मजकुरात तर आणखी पंचाईत. आपल्या भाषेत क्रियापदालाही लिंग असते. 'तुमचा गेला' म्हणावे की 'तुमची गेली'? चुकीचे लिंग पडले तर त्या घराला वाटेल, आमच्या माणसाला हे ओळखतसुद्धा नाहीत. आदरार्थी बहुवचनानेही सुटका होत नाही. 'ते गेले' आणि 'त्या गेल्या' हे आहेच. मी डोके धरून बसलो असता काकू सहज म्हणाल्या, "अरे, 'तुमचं माणूस' म्हण की. माणूस गेलं." वीस वर्षे व्याकरण शिकवून मला न सुचलेली नपुंसकलिंगाची ती वाट त्या बाईंच्या तोंडी रोजची होती. आमच्याकडे घरातले कुणीही गेले, बाई असो की पुरुष, 'माणूस गेलं' असेच म्हणतात.

अण्णांचा पहिला कच्चा मजकूर त्यांनीच सांगितला होता. माथ्यावर 'श्री कान्होराज महाराज प्रसन्न' असे होते. ते काढावे लागले, कारण ग्रामदैवताचे नाव म्हणजे गावचा पत्ताच. पुढे वाक्य होते, 'देवाने मला वाचवले.' अण्णांच्या दृष्टीने ते खरेच होते. पण ते वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येईल, मग आमच्या माणसाला का नाही वाचवले? अण्णांना हे समजावावे लागले नाही. मी वाक्य मोठ्याने वाचले, तेवढ्यानेच त्यांनी हात वर करून ते थांबवले. थोरल्याने एक वाक्य सुचवले होते: 'तुमचे माणूस माझ्या रूपाने जिवंत आहे.' हे वाक्य अशा प्रसंगी सगळीकडे म्हणतात, भाषणांतही असते. पण काकूंचा तो कोमट अंगाचा प्रश्न मला आठवला. ज्यांनी छाती हलत असताना सही केली, त्यांच्या मनात 'खरंच गेलं होतं ना?' ही शंका कुठेतरी दबून असणार. तिला 'जिवंत आहे' हा शब्द नेऊन डिवचावे का? कुणाला त्या वाक्याने धीर येतो हेही खरे, पण ते म्हणायचा हक्क त्या घराचा. घेणाऱ्याने ते स्वतःहून म्हणू नये. 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत' हे माझे वाक्य होते. अण्णा म्हणाले, "हे ग्रामपंचायतीचं झालं." तेही गेले.

आभाराचा शब्दच शेवटी राहिला. 'आभारी आहे' हे आपण उशीर झाल्याबद्दल वाट पाहणाऱ्याला म्हणतो, आणि सभेच्या शेवटी मंडपवाल्यालाही. घरातल्या माणसाला आपण आभार कधीच म्हणत नाही. 'उपकार' म्हटले तर फेडण्याची भाषा येते, आणि फेडता तर येणार नाही. मग आम्ही आभाराचा शब्द न घालता, अण्णा आता काय करतात एवढेच लिहायचे ठरवले. पत्र शेवटी असे झाले:

'नमस्कार.

तुमचं माणूस गेलं त्या दिवशी तुम्ही सही केली. त्या सहीमुळे मला एक किडनी मिळाली. मी शेतकरी आहे. वय पंचावन्न. घरी बायको, दोन मुलं, एक नात आहे.

आधी तीन वर्षं मी मशीनवर होतो. मला दिवसाला मोजून पाणी होतं. आता डॉक्टर म्हणतात भरपूर प्या. सकाळी उठल्यावर मी तांब्याभर पाणी पितो. पिताना रोज तुमची आठवण होते. तुम्ही कोण हे मला माहीत नाही, पण आठवण होते.

औषधं मी सकाळी नऊ आणि रात्री नऊला घेतो. आठ महिन्यांत एकदाही चुकवली नाहीत. तुमची वस्तू नीट ठेवली पाहिजे, म्हणून चुकवत नाही. पुढं काय होईल ते माहीत नाही, पण माझ्याकडून हयगय होणार नाही.

तशा वेळी तुम्ही सही कशी केली असेल, हे माझी बायको अजून विचारते. आम्हांला उत्तर येत नाही.

उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

एक शेतकरी.'

'औषधे चुकवत नाही' हे वाक्य काढावे असे मला वाटले होते; पत्रात गोळ्यांच्या वेळा कशाला? पण समन्वयक बाई म्हणाल्या, "ते राहू द्या. तेच त्यांना हवं असतं." आणि मग त्यांनी सांगितले की रोपणाची किडनी जाण्याचे एक मोठे कारण हेच. वर्षसहा महिने बरे वाटले की माणूस गोळ्या सोडतो. औषधाने मुद्दाम मंद केलेली शरीराची पहाऱ्याची शक्ती जागी होते आणि परक्या किडनीवर तुटून पडते. सुरुवातीला काहीच दुखत नाही. रक्ताच्या तपासात क्रिएटिनिन हळूहळू चढते, तेवढीच खूण. पायांवर सूज दिसेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. म्हणून बारा बारा तासांच्या अंतराने, जन्मभर.

पत्र गेले. तीन महिने काही कळले नाही, आणि न कळणे हीच रीत असल्याने आम्ही कुणी विचारलेही नाही. मग एकदा अण्णा तपासणीला गेले असता बाईंनी त्यांना बाजूला घेतले. त्या घराने प्रथम पत्र नको म्हटले होते. दोन महिन्यांनी त्यांचाच फोन आला, आणि ते घेऊन गेले. उत्तर लिहिलेले नाही. तोंडी निरोप आहे.

"काय?" अण्णांनी विचारले.

"म्हणाले, पाणी पीत जा म्हणावं."

अण्णांनी हे मला फोनवर सांगितले. निरोप आईचा होता की बापाचा, की आणखी कुणाचा, हे बाईंनी सांगितले नाही आणि अण्णांनी विचारले नाही. त्या निरोपालाही मायना नव्हता. पण 'पीत जा' हे आपण आपल्याच माणसाला म्हणतो. परक्याला 'प्यावे' म्हणतो, वडीलधाऱ्याला 'पीत चला' म्हणतो. 'पीत जा' म्हणायला घरातलेच माणूस लागते.